ठाणे भरलं होतं: यूपीएससी पूर्वपरीक्षेचं केंद्र निवडताना काय घडतं

नागरी सेवा पूर्वपरीक्षा २०२४ दिल्यापासून ओळखीतली मुलं मला एकच प्रश्न विचारतात. राहतेस कळव्यात, ठाण्याला परीक्षा केंद्र आहे, मग मुंबई कशाला घेतलंस? मी अर्ज भरायला बसले तेव्हा ठाणे शिल्लकच नव्हतं. ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर या पट्ट्यातून दरवर्षी बरीच मुलं हा अर्ज भरतात आणि केंद्राच्या पानावर पोहोचल्यावर गोंधळतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी नियम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पूर्वपरीक्षेसाठी महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर ही केंद्रं आहेत. नागपूरसारखी मोजकी केंद्रं सोडली तर प्रत्येक केंद्राला उमेदवारांची कमाल मर्यादा ठरवलेली असते. जो आधी अर्ज करेल त्याला आधी केंद्र. मर्यादा गाठली की ते केंद्र गोठवलं जातं, आणि त्यानंतर येणाऱ्याने उरलेल्यांतून एक निवडायचं. अधिसूचनेत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण तो परिच्छेद अभ्यासक्रम आणि वयोमर्यादेच्या गर्दीत बसलेला असल्यामुळे नजरेतून सुटतो.

इतर परीक्षांची सवय असलेल्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. गेटला तीन शहरं पसंतीक्रमाने देता येतात आणि त्यातून वाटप नंतर होतं. जेईई मेनलाही शहरांचा पसंतीक्रम असतो आणि कोणतं शहर मिळालं ते परीक्षेआधी वेगळ्या चिठ्ठीने कळतं. यूपीएससीत पसंतीक्रम नावाची गोष्टच नाही. एकच शहर निवडायचं, आणि अर्ज पूर्ण झाला की शहर पक्कं. त्यामुळे 'पहिली पसंती भरली तर दुसरी आपोआप लागेल' असं इथे होत नाही. दुसरी पसंती तिथल्या तिथे, पडद्यासमोर बसून, तुम्हालाच ठरवावी लागते.

२०२४ ची अधिसूचना १४ फेब्रुवारीला आली आणि अर्जाची मुदत ५ मार्चला संध्याकाळी सहापर्यंत होती. माझी नोकरी हिशेबाची, फेब्रुवारी-मार्च म्हणजे डोकं वर काढायला फुरसत नाही. शिवाय त्या वर्षी परीक्षेला बसायचं की तो प्रयत्न राखून ठेवायचा, यावर घरात बरीच चर्चा चालली होती. बसायचं ठरलं तेव्हा फेब्रुवारीचा शेवट आला होता.

अर्जाचे तेव्हा दोन भाग होते. एकवेळ नोंदणी आधी करून ठेवलेली असली की पहिल्या भागात परीक्षेपुरती माहिती भरायची. तो संपला की नोंदणी क्रमांक मिळतो आणि पडद्यावर सगळं हिरवंगार दिसतं. इथेच अनेकांना वाटतं की अर्ज झाला. प्रत्यक्षात तोवर केंद्राचा विषयसुद्धा निघालेला नसतो. दुसऱ्या भागात आधी शुल्क, मग केंद्राची निवड, मग फोटो, सही आणि ओळखपत्र अपलोड करणं आणि शेवटी घोषणापत्राला मान्यता, असा क्रम होता. म्हणजे नोंदणी क्रमांक हातात असला तरी तुमच्या नावाने एकाही शहरात खुर्ची राखलेली नसते. पहिला भाग पहिल्याच आठवड्यात भरून 'दुसरा सावकाश करू' म्हणणारी मुलं मला माहीत आहेत. त्यांनी लवकर अर्ज केल्यासारखं त्यांना वाटत होतं, पण केंद्राच्या रांगेत ती उभीच नव्हती.

शुल्क १०० रुपये होतं. महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ते माफ असल्यामुळे माझी शुल्काची पायरी गळली आणि मी थेट केंद्रांच्या यादीवर आले. बुधवार होता, रात्रीचे दहा वाजून गेले होते, आणि निवडता येणाऱ्या नावांत ठाणे नव्हतं. वर-खाली करून पाहिलं, पान पुन्हा उघडलं. नवी मुंबईही नव्हती. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर होती. पोटात गोळा आला, हे खरं सांगते. कारण माझ्या डोक्यात परीक्षेचा दिवस आधीच आखलेला होता: सकाळी घरून डबा, दहा मिनिटांचा प्रवास, दुपारी शक्य झालं तर घरी येऊन जेवण.

पहिला विचार आला तो थांबण्याचा. उद्या कुणीतरी अर्ज रद्द करेल, एखादी जागा सुटेल. मग अधिसूचना पुन्हा उघडली आणि नीट वाचली. भरलेला अर्ज मागे घेण्याची सोय त्या वर्षी नव्हती, म्हणजे भरलेली जागा सुटण्याचा मार्गच बंद. केंद्र बदलण्याची विनंती विचारात घेतली जाणार नाही, हेही लिहिलेलं होतं. आयोगाला मात्र परिस्थितीनुसार केंद्र बदलण्याचा अधिकार आहे. उमेदवारांना सर्वांसाठी मिळून केंद्र बदलता आलं ते कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, परीक्षा ४ ऑक्टोबरवर ढकलली गेली तेव्हा. आयोगाने जुलैत त्यासाठी मुद्दाम खिडकी उघडली होती, आणि तिथेही वाढीव क्षमता असेपर्यंत आधी येईल त्याला आधी, हाच नियम होता. तो अपवाद होता, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. थांबले असते तर ठाणे परत आलं नसतंच, वर मुंबईही हातची जाण्याची शक्यता होती.

मग खरा प्रश्न उरला: उरलेल्यांतून कोणतं? इथे मी घाई केली नाही. नकाशा आणि रेल्वेचं वेळापत्रक घेऊन बसले. परीक्षा रविवारी असते. पहिला पेपर साडेनऊ ते साडेअकरा, दुसरा अडीच ते साडेचार. फाटक पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं, म्हणजे सकाळी नऊला. त्यामुळे कोणतंही शहर तपासताना एकच कसोटी लावायची: त्याच दिवशी पहाटे निघून साडेआठपर्यंत तिथल्या शाळेच्या दारात उभं राहता येतं का?

पुण्याला पहाटेची इंद्रायणी पकडली तरी ती पुणे स्टेशनला पोहोचते नऊच्या सुमारास. नाशिकला सकाळची तपोवन नाशिक रोडला पोहोचेपर्यंत नऊ उलटून गेलेले असतात. म्हणजे दोन्हीकडे आदल्या दिवशी जाऊन मुक्काम. नागपूरला तर रात्रभराचा प्रवास. मुंबई केंद्राचा अर्थ कुलाब्यापासून मुलुंड-दहिसरपर्यंत काहीही होऊ शकतो, पण कळव्याहून यातल्या कोणत्याही ठिकाणी रविवारच्या पहाटेच्या लोकलने वेळेत पोहोचता येतं. सगळ्यात वाईट धरलं तरी दीड-पावणेदोन तास. मुंबई निवडली, फोटो-सही चढवली, घोषणापत्र मान्य केलं आणि अर्जाची प्रत काढून ठेवली. प्रतीवर केंद्राचं नाव बरोबर छापलंय ना, ते मात्र दोनदा वाचलं.

माझ्या चुलतभावाचं प्रकरण जास्त अवघड झालं, आणि ते सांगितलंच पाहिजे, कारण त्यात शुल्काच्या पायरीची गोम आहे. तो कोपरखैरणेला राहतो, खुल्या प्रवर्गातला, त्यामुळे त्याला १०० रुपये भरायचे होते. २ मार्चच्या शनिवारी त्याचं ऑनलाइन पेमेंट अडकलं. पैसे गेले की नाही कळेना, म्हणून त्याने रोख भरण्याचा पर्याय, पडद्यावरचा `Pay by Cash`, निवडला. त्या पर्यायात चलनाची छापील प्रत काढायची आणि पुढच्या कामाच्या दिवशी स्टेट बँकेच्या शाखेत पैसे भरायचे. पुढचा कामाचा दिवस म्हणजे सोमवार ४ मार्च. बँकेकडून शुल्काची नोंद होईपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही, आणि अर्ज पुढे सरकत नाही तोवर केंद्र निवडता येत नाही. मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, मुंबईपण गेली गं. नाशिक, पुणे आणि नागपूर दिसतंय."

"नाशिकला कुणी आहे का आपलं?"

"कुणीच नाही. नागपूरला मावशी आहे, पण तिकडे जायचं म्हणजे दोन दिवस जातील."

शनिवारी तो अर्ज भरायला बसला होता तेव्हा मुंबई यादीत होती का, हे त्याला कधीच कळणार नाही, कारण त्याला ती यादी दिसलीच नव्हती. त्याने नाशिक घेतलं. मुदत नंतर एक दिवसाने वाढून ६ मार्च झाली, तेव्हा आम्ही दोघांनी एका मित्राच्या अर्जात पुन्हा यादी पाहिली. मुदत वाढली म्हणून ठाणे, नवी मुंबई काही परत आलेली नव्हती. मुदतवाढीने दिवस वाढले, त्या केंद्रांतल्या खुर्च्या नाहीत.

त्यामुळे ज्यांना शुल्क भरायचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की, रोखीचा मार्ग अगदी नाइलाज झाल्याशिवाय घेऊ नका. दुसरं कार्ड, घरातल्या कुणाचं यूपीआय, काहीही चालेल, पण त्याच बैठकीत शुल्क भरून केंद्राच्या पानापर्यंत पोहोचा. फोटो आणि सहीच्या फायली ठरलेल्या आकारात आधीच करून ठेवा, म्हणजे केंद्र निवडल्यावर अर्ज अर्धवट सोडून उठावं लागणार नाही.

अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवस खिडकी उघडते. तिच्याबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलं. नावातली, प्रवर्गातली, विषयातली चूक सुधारायला ती आहे. भरून गोठवलेलं केंद्र मिळवण्याचा मागचा दरवाजा म्हणून तिच्याकडे पाहू नका.

१९ मार्चला आणखी एक वळण आलं. लोकसभा निवडणुकीमुळे २६ मेची पूर्वपरीक्षा १६ जूनवर गेली. केंद्र तेच राहिलं. भावाने मात्र नाशिकची खोली मेच्या तारखेला धरून ठेवली होती आणि आगाऊ दिलेले पाचशे रुपये परत मिळाले नाहीत. परगावचं केंद्र आलं असेल तर फुकट रद्द करता येईल अशीच खोली धरा.

आता वाटपाचा दुसरा टप्पा, ज्याची फारशी चर्चा होत नाही. आपण निवडतो ते शहर. त्या शहरातली नेमकी शाळा किंवा कॉलेज, म्हणजे उपकेंद्र, आयोग ठरवतो आणि ते प्रवेशपत्रावरच कळतं. त्यात आपल्याला विचारलं जात नाही. घराच्या पत्त्यावरून जवळची शाळा दिली जाईल, असं अधिसूचनेत कुठेही म्हटलेलं नाही. २०२४ ची प्रवेशपत्रं ७ जूनला आली, म्हणजे परीक्षेच्या जेमतेम नऊ दिवस आधी. तोवर मुंबईत कुठे, हे मला माहीत नव्हतं. त्या तीन महिन्यांत कुलाबा येणार, बोरिवली येणार असे अंदाज बांधत राहिले. त्याचा काही उपयोग नसतो, पण मन ऐकत नाही.

मला आली माटुंग्याची शाळा. कळव्याहून थेट धीमी लोकल. आणि अभ्यासिकेतली माझी मैत्रीण, मुलुंडला राहणारी, जिने पहिल्याच आठवड्यात अर्ज भरून ठाणे मिळवलं होतं, तिला उपकेंद्र आलं घोडबंदर रोडला, पार कासारवडवलीच्या पुढे. तिथे रेल्वे नाही. ठाणे स्टेशनला उतरायचं, मग बस किंवा रिक्षा, आणि घोडबंदरची वाहतूक कशी असते हे ठाणेकरांना सांगायला नको. तिला परीक्षेच्या दिवशी माझ्याहून जास्त वेळ लागला. शहर जवळचं मिळालं म्हणजे शाळा जवळची मिळाली असं नाही, आणि शहर दूरचं वाटलं तरी शाळा सोयीची निघू शकते. फेब्रुवारीतल्या त्या रात्री हे मला कुणी सांगितलं असतं तर झोप लागली असती.

प्रवेशपत्रावरचं उपकेंद्र बदलत नाही. तिथे छापलेल्या शाळेतच बसायचं, शेजारच्या शाळेत गेलात तर आत घेत नाहीत. माटुंग्याच्या त्या भागात नावात साम्य असलेल्या एकाहून अधिक शाळा आहेत, म्हणून नुसतं नाव न पाहता पूर्ण पत्ता वाचून मी ९ जूनच्या रविवारी जाऊन आले. त्याच दिवशी मुंबईत मान्सून दाखल झाला. छत्री असूनही भिजले, पण दोन गोष्टी कळल्या. परीक्षार्थींनी कोणत्या फाटकातून आत जायचं ते रखवालदाराने दाखवलं, ते मुख्य रस्त्यावर नसून मागच्या गल्लीत होतं. आणि जोराचा पाऊस असला तर स्टेशनच्या कोणत्या बाजूने बाहेर पडायचं, तेही ठरलं. रंगीत तालीम करायची तर रविवारीच करा, कारण रविवारचं लोकलचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या कमी असतात.

मेगाब्लॉकची धास्ती सगळ्यांनाच असते. मध्य आणि हार्बर मार्गावरचे रविवारचे दिवसाचे ब्लॉक साधारण अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतात. म्हणजे सकाळी जाताना सहसा अडचण येत नाही आणि साडेचारला सुटल्यावर गाड्या रुळावर येत असतात, फक्त गर्दी प्रचंड असते. अडकतात ते दोन पेपरच्या मध्ये घरी जाऊन येऊ म्हणणारे. ट्रान्स-हार्बरवर ठाणे-वाशी बंद असेल तर नवी मुंबईचं केंद्र मिळालेल्या ठाणेकराला साडेअकराला निघून दोनच्या आत परतणं अशक्य होतं. आदल्या दिवशी रेल्वेची सूचना वाचा आणि दुपारचा वेळ उपकेंद्राच्या जवळच काढायचा, असंच धरून चला.

१६ जूनला मी सहाच्या आधीची लोकल पकडली, सव्वासातला शाळेसमोर होते. मोबाइल नेलाच नव्हता. प्रवेशपत्र, अर्जात दिलं होतं तेच ओळखपत्र, काळं बॉलपेन, पाण्याची बाटली, शंभराच्या तीन नोटा आणि एका कागदावर घरचे नंबर. दुपारी बाजूच्या उडपी हॉटेलात इडली खाल्ली आणि पाऊस थांबल्यावर पाच उद्यानांच्या कट्ट्यावर बसून राहिले. तिथे माझ्यासारखी कितीतरी मुलं होती, बदलापूरची, विरारची, एक मुलगा तर रत्नागिरीहून आलेला. माझा त्या दिवसाचा सगळा खर्च दीडशेच्या आत आटोपला. भावाचा बस, खोली, जेवण आणि बुडालेले पाचशे धरून साडेतीन हजारांवर गेला. त्याला सगळ्यात बोचलं ते अनोळखी खोलीत आदल्या रात्री न लागलेली झोप.

तेव्हापासून अर्जाची पद्धत बदलली आहे. मे २०२५ पासून आयोगाचं नवं पोर्टल आलं, पहिला भाग-दुसरा भाग ही जुनी मांडणी गेली. नोंदणी आणि सामाईक माहिती वर्षभरात कधीही भरून ठेवता येते आणि परीक्षेची अधिसूचना आल्यावर फक्त त्या परीक्षेचा भाग भरायचा. केंद्राच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, कारण वेळखाऊ भाग आधी उरकता येतो. दिव्यांग उमेदवारांसाठी २०२५ च्या अखेरीस आयोगाने जाहीर केलं की त्यांना पसंतीचं केंद्र मिळेल: केंद्राची मर्यादा संपली तरी इतरांसाठी ते बंद होईल, त्यांच्यासाठी खुलं राहील. बाकी सगळ्यांना आधी अर्ज, आधी केंद्र हाच नियम.

भावाने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. २२ जानेवारी २०२५ ला अधिसूचना आली आणि त्या आठवड्यातच, शुल्कासाठी दोन कार्डं आणि फोटो-सहीच्या फायली समोर ठेवून, त्याने एका बैठकीत अर्ज पूर्ण केला. नवी मुंबई यादीत होती, तीच घेतली. मेमध्ये प्रवेशपत्र आलं, उपकेंद्र नेरूळचं. कोपरखैरणेहून त्याच मार्गावर थेट लोकल, आणि आदल्या रात्री तो आपल्या घरी झोपला.